स्वरांना छंद नसतो

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादव राजाच्या, म्हणजे सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. राज्याच्या हिशेबाचे काम त्याच्याकडे होते आणि संगीताचा त्याचा अभ्यास अफाट होता. त्याने सात अध्यायांचा ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. या ग्रंथात स्वरांची, रागांची, तालांची आणि वाद्यांची लक्षणे श्लोकांत सांगितली आहेतच, पण त्याशिवाय आणखी एक दुर्मीळ गोष्ट आहे. अठरा जातींची गीते आणि अनेक रागांच्या स्वररचना त्यात सा, रि, ग, म अशा अक्षरांत उतरवून दिल्या आहेत. भारतीय संगीताचे इतके जुने आणि इतके सविस्तर स्वरलेखन फार थोड्या ठिकाणी सापडते. मात्र शार्ङ्गदेवाच्या हातची पोथी आज कोणाकडेही नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मग छापताना कोणता स्वर छापायचा? युरोपात ज्याला ‘उर्टेक्स्ट’ म्हणतात, म्हणजे रचनाकाराचा मूळ पाठ देण्याचा दावा करणारी आवृत्ती, तिच्यापुढचा प्रश्नही हाच असतो. या प्रकरणात एकच गोष्ट मांडायची आहे. मूळ पाठ कुठल्या कपाटात आयता सापडत नाही. तो पुराव्यावरून ठरवावा लागतो. आणि ठरवणाऱ्याने आपला निवाडा उघड मांडला नसेल, तर त्या आवृत्तीला मूळ पाठाची आवृत्ती म्हणता येत नाही.

एकाच पोथीतले श्लोक आणि स्वर यांचे नशीब वेगवेगळे का असते, हे आधी पाहू. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरे असतात. नकल करणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर गळले, तर चरण लंगडा होतो आणि पुढचा वाचक थबकतो. शब्द चुकला तर अर्थ बिघडतो, आणि संस्कृत जाणणारा माणूस ती चूक बहुधा सुधारू शकतो. म्हणजे छंद आणि अर्थ असे दोन पहारेकरी श्लोकावर सतत उभे असतात. स्वरांच्या ओळीवर यांपैकी एकही नसतो. ‘पा’च्या जागी ‘मा’ झाला तर संगीत न जाणणाऱ्या नकलनवीसाला काहीच खटकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही अक्षरे सारखीच निरर्थक असतात. त्यात देवनागरीत ‘म’ आणि ‘स’, ‘प’ आणि ‘म’ यांची वळणे इतकी जवळची की घाईच्या हातात त्यांची सहज अदलाबदल होते. अक्षराची लांबीही महत्त्वाची असते. एका मात्रास्थानी एकच स्वर असेल तर तो ‘सा’, ‘पा’ असा दीर्घ लिहिलेला दिसतो, आणि दोन स्वर असतील तर ‘निध’ असे ऱ्हस्व जोडून. एक काना गळला की लय बदलते.

त्याहून नाजूक असतात सप्तकाच्या खुणा. शार्ङ्गदेवाने त्या स्वतःच सांगून ठेवल्या आहेत. मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदू, तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ, आणि मध्य सप्तकाला खूण नाही. संस्कृत लिहिणाऱ्याला डोक्यावरचा बिंदू दिसला की आधी अनुस्वार आठवतो. तो ‘सं’ म्हणून उतरवला जाऊ शकतो, निरर्थक वाटून गाळला जाऊ शकतो किंवा शेजारच्या अक्षरावर सरकू शकतो. आजच्या वाचकापुढे तर आणखी एक सापळा आहे. पुण्यात धायरीपासून धानोरीपर्यंत गाण्याच्या वर्गांत जे विद्यार्थी परीक्षेसाठी स्वरलिपी शिकतात, त्यांना दोन पद्धती माहीत असतात. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत वरचा बिंदू मंद्र आणि उभी रेघ तार दाखवते, म्हणजे शार्ङ्गदेवाचीच रीत. भातखंडे पद्धतीत मात्र वरचा बिंदू तार सप्तकाचा असतो आणि मंद्राचा बिंदू खाली येतो. भातखंडे पद्धतीची सवय असलेल्या डोळ्यांनी ‘रत्नाकर’ वाचला, तर तळातली संपूर्ण ओळ दोन सप्तके वर जाऊन बसते. पाठाचा बिघाड फक्त नकलनवीस करत नाही, वाचणाराही करतो.

‘संगीतरत्नाकर’ छापण्याच्या बाबतीत पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. महादेव चिमणाजी आपटे यांनी 1888 साली आनंदाश्रम स्थापन केला. तिथल्या संस्कृत ग्रंथावलीत मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादित केलेला हा ग्रंथ, कल्लिनाथाच्या टीकेसह, 1896-97 साली दोन भागांत निघाला. त्याआधी 1879 साली कलकत्त्याला स्वराध्याय सिंहभूपालाच्या टीकेसह छापला गेला होता. पुढे मद्रासजवळच्या अड्यार ग्रंथालयाने सुब्रह्मण्य शास्त्री यांच्या संपादनाखाली 1943 ते 1953 या काळात दोन्ही टीकांसह चार खंड काढले. आनंदाश्रमाची छपाईची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथाच्या आरंभी कोणत्या पोथ्या कोणाकडून मिळाल्या याची यादी, प्रत्येक पोथीला क, ख, ग अशी खूण, आणि पानाच्या तळाशी कोणत्या पोथीत कोणता पाठ आहे याच्या टीपा. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर दुसरा पाठ त्याच पानावर हाताशी असतो. त्या काळात युरोपातही संगीतलेखांच्या बाबतीत अशीच चळवळ चालू होती. बर्लिनच्या शाही कला अकादमीने 1890च्या दशकात ‘उर्टेक्स्ट’ या नावाने अभिजात रचनांची मालिका काढायला सुरुवात केली. वादकांनी आपापल्या आवडीची भर घातलेल्या प्रचलित आवृत्त्यांना तो विरोध होता.

पण पाठभेद नोंदवणे ही एक पायरी आहे आणि त्यांतून निवड करणे ही दुसरी. निवडीची शिस्त पुण्यातच, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत, महाभारताच्या निमित्ताने घडली. 1919 साली सुरू होऊन 1966 साली पूर्ण झालेल्या त्या प्रकल्पाची सूत्रे 1925पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे होती. 1933 साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली पद्धत मांडली. तिचा गाभा असा की पोथ्या मोजायच्या नसतात, त्यांची घराणी मोजायची असतात. एकाच पोथीवरून वीस नकला झाल्या असतील, तर त्या वीस साक्षी नव्हेत, एकच साक्ष आहे. उलट काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी यांचा शतकानुशतके संबंध आला नसताना दोघींत एकच पाठ असेल, तर तो दोघींच्या समाईक पूर्वजाकडून आला असण्याची शक्यता मोठी. आणि जिथे मजकूर निश्चित नाही, तिथे सुकथनकरांनी तो शब्द छापला खरा, पण त्याखाली नागमोडी रेघ ओढली. संपादकाने आपली शंका छापण्याची ही सोय संगीताच्या संपादकाला तर फारच उपयोगी आहे.

घराणी ओळखायची कशी? समान बरोबर पाठांवरून नव्हे, समान चुकांवरून. बरोबर पाठ कोणाकडेही असू शकतो, पण तीच विचित्र चूक दोन पोथ्यांत आढळली, तर ती त्यांनी कुठून तरी एकत्रच उचललेली असते. आता एक नमुना घेऊ. पुढचे पाठभेद पद्धत समजावी म्हणून रचलेले आहेत, कोणत्याही पोथीतले नाहीत; नियम मात्र ग्रंथातलेच आहेत. षाड्जी ही पहिली जाती. तिचे गीत बारा कलांचे आहे आणि प्रत्येक कलेत आठ मात्रास्थाने येतात. तिचा न्यास, म्हणजे गीत जिथे संपते तो स्वर, षड्ज आहे. तिचे अंश स्वर पाच आहेत: सा, ग, म, प आणि ध. समजा आपल्यापुढे चार पोथ्या आहेत. क आणि ख देवनागरीत आहेत, ग आणि घ दक्षिणेकडच्या ग्रंथ लिपीत.

पहिला पेच शेवटच्या कलेतला. क आणि ख या पोथ्यांत शेवटचे अक्षर ‘मा’ आहे, ग आणि घ यांत ‘सा’. इथे ग्रंथ स्वतःच साक्ष देतो. न्यास षड्ज आहे हे श्लोकात सांगितले आहे, आणि श्लोकाला छंदाचा पहारा आहे, म्हणून त्याची साक्ष स्वरांच्या ओळीपेक्षा भरवशाची. शिवाय देवनागरीत ‘सा’चा ‘मा’ होणे सोपे असल्याने चूक कशी झाली हेही समजते. पाठ ‘सा’, आणि तो निश्चित. याच मुद्द्यावर संपादनाचा एक जुना नियम टेकलेला आहे: जो पाठ खरा मानला म्हणजे दुसरा पाठ कसा उत्पन्न झाला हे सांगता येते, तोच स्वीकारावा.

दुसरा पेच मधल्या एका कलेतला. तिथे क या पोथीत सातच स्थाने भरली आहेत. मोजणीने कळते की काहीतरी गळले आहे. नेमके कुठे गळले हे खालच्या ओळीतल्या गीताच्या अक्षरांवरून शोधता येते, कारण स्वर आणि शब्द एकाखाली एक लिहिलेले असतात आणि शब्दांना अर्थाचा आधार असतो. समजा पाचवे स्थान रिकामे निघाले. ख या पोथीत त्या जागी ‘मा’ आहे, ग आणि घ यांत ‘सा’. आता नियम गप्प आहे. षड्ज आणि मध्यम दोन्ही अंश स्वर, दोन्ही चालतात. तेव्हा पाहायचे ते घराण्यांकडे. ख ही एकटी साक्ष आहे. ग आणि घ यांच्यात इतर चुका समान असतील तर त्याही मिळून एकच साक्ष. म्हणजे लढत एकास एक. लिपीकडे पाहावे, तर ‘सा’ मूळ मानल्यास नागरी घराण्यातला ‘मा’ समजावून देता येतो. पण ग्रंथ लिपीतल्या पोथ्यांचा पूर्वज स्वतःच एखाद्या नागरी पोथीवरून उतरलेला असेल, तर तीच चूक उलट दिशेनेही झाली असेल. संपादक इथे ‘सा’ छापील, खाली नागमोडी रेघ ओढील आणि टीपेत ‘मा’ देईल. पहिल्या पेचात आणि दुसऱ्यात छापलेले अक्षर एकच आहे, पण त्यामागची खात्री सारखी नाही. ज्या आवृत्तीत हा फरक दिसत नाही, ती अर्धी माहिती लपवते.

पोथ्यांखेरीज आणखी दोन प्रकारच्या साक्षी संपादकाकडे असतात. एक म्हणजे टीकाकार. चौदाव्या शतकातला सिंहभूपाल आणि पंधराव्या शतकातला, विजयनगरच्या दरबारातला कल्लिनाथ यांच्यापुढे ‘रत्नाकरा’च्या ज्या प्रती होत्या, त्या आजच्या बहुतेक पोथ्यांहून जुन्या असणार. टीकेत एखाद्या स्वराचा उल्लेख आला, तर त्यांच्या प्रतीत तिथे काय होते ते कळते. दुसरी साक्ष म्हणजे समांतर ग्रंथ. मिथिलेचा राजा नान्यदेव याच्या ‘भरतभाष्या’तही स्वरलेखन आहे आणि तो शार्ङ्गदेवाच्या आधीचा आहे. त्याचे ज्ञात हस्तलिखित भांडारकर संस्थेत आहे. ते इतके अशुद्ध आहे की पुष्कळ ठिकाणी ‘रत्नाकरा’चाच आधार घेऊन ते वाचावे लागते. इथे सावध राहायला हवे. एका ग्रंथाने दुसऱ्याचा पाठ सुधारला आणि मग त्या सुधारलेल्या पाठाची साक्ष पहिल्याच्या बाजूने काढली, तर पुराव्याचे वर्तुळ तयार होते आणि हाती काहीच लागत नाही. ब्रिटिश संशोधक रिचर्ड विडेस यांनी 1995 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्राचीन स्वरलेखांची तौलनिक चिकित्सा केली आहे. ती वाचताना निष्कर्षांइतकीच प्रत्येक साक्षीची ही वेगळी नोंदही पाहण्यासारखी आहे.

यावर गायक-वादकांचा पहिला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, मुरलेल्या कानाला चुकीचा स्वर लगेच कळतो. या आक्षेपाला उत्तर बाखच्या एका प्रसिद्ध रचनेच्या इतिहासातच आहे. 1722च्या संग्रहातला सी मेजरमधला पहिला प्रील्यूड बाखच्या स्वहस्ताक्षरात उपलब्ध आहे आणि त्यात 35 मापे आहेत. बाविसाव्या मापात खर्जाचा स्वर एफ शार्प आहे, तेविसाव्यात ए फ्लॅट. मधला जी ओलांडून सूर एकदम उडी घेतो. ही उडी श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या नकलेत खटकलेली दिसते, कारण तिथे मध्ये जी वर उभारलेले एक जादा माप आले आहे. कार्ल चेर्नीच्या एकोणिसाव्या शतकातल्या लोकप्रिय आवृत्तीत ते छापले गेले, आणि गूनोने त्या प्रील्यूडवर ‘आवे मारिया’ची धून बसवली तेव्हा तेही माप सोबत घेतले. ज्याने हे माप घातले त्याचा कान तयार होता, म्हणूनच चूक झाली. त्याला त्याच्या पिढीचे व्याकरण येत होते आणि बाखने मुद्दाम केलेली गोष्ट त्या व्याकरणात बसत नव्हती. आपल्याकडे धोका याहून मोठा आहे. आजचे शुद्ध स्वरसप्तक बिलावलचे. शार्ङ्गदेवाच्या षड्जग्रामातले स्वर आजच्या काफीच्या जवळचे. तोडी, भैरवी ही नावेही तेव्हा आजच्या रागांना लागू नव्हती. आजच्या रागांत मुरलेला कान ‘रत्नाकरा’च्या ओळीत जे खटकते म्हणून दुरुस्त करील, तेच नेमके तेव्हाचे संगीत असू शकते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. कान नको म्हणता, पण न्यास-अंशाचे नियम लावून पाठ सुधारणे हाही कानच नव्हे का? नियमाला अपवाद असतातच. नियमाने अपवाद पुसले तर मूळ पाठ सरळसोट होऊन जाईल. हा धोका खरा आहे, म्हणून नियमाच्या वापराला मर्यादा हवी. नियम दोन उपलब्ध पाठांतून एक निवडायला वापरता येतो; सर्व घराण्यांचे जिथे एकमत आहे, तिथे तो पाठ बदलायला वापरता येत नाही. चारही पोथ्या आणि दोन्ही टीकाकार नियमाबाहेरचा स्वर देत असतील, तर तोच छापायचा आणि टीपेत विसंगती सांगायची. सुकथनकरांनीही कोणत्याच पोथीत नसलेला पाठ स्वतः सुचवून मजकुरात घालणे फार थोड्या ठिकाणीच केले. आणि निवडीसाठीचा नियमही त्याच ग्रंथातला हवा. भातखंड्यांचा थाट लावून शार्ङ्गदेवाचा स्वर ठरवता येत नाही.

तिसरा आक्षेप मूळ या कल्पनेलाच आहे. रचनाकारानेच मागाहून बदल केला तर मूळ कोणते? बेटोव्हेनने ओपस 106 ही सोनाटा 1819 साली छापायला दिल्यानंतर, लंडनच्या आवृत्तीसाठी फर्डिनांड रीसला पत्र लिहून संथ भागाच्या अगदी आरंभी दोन स्वरांचे एक माप वाढवायला सांगितले. त्याच्याआधीचे हस्तलिखित समोर असते तर ते अधिक जुने ठरले असते, पण त्यात हे माप नसते. कोणताही संपादक आज ते माप गाळत नाही. म्हणजे जुने तेच मूळ हे समीकरण युरोपातही टिकत नाही. संपादकाला आधी ठरवावे लागते की तो कोणत्या क्षणाचा पाठ देतो आहे. शार्ङ्गदेवाच्या बाबतीत हा प्रश्न वेगळे रूप घेतो. जातिगीते त्याने स्वतः रचलेली नाहीत. परंपरा ती ब्रह्मदेवाच्या नावावर टाकते. संपादक शोधतो तो ब्रह्मदेवाचा किंवा भरताचा पाठ नव्हे, तर शार्ङ्गदेवाच्या ग्रंथातला पाठ. ही मर्यादा प्रस्तावनेत लिहिलेली नसेल, तर वाचक नकळत जास्त जुन्या काळाविषयी निष्कर्ष काढतो.

शेवटचा आक्षेप आपल्या घरातला आहे. आपले संगीत गुरुमुखातून चालते, एकच बंदिश दोन घराण्यांत दोन रीतींनी गातात आणि दोन्ही खऱ्या असतात. तिथे चिकित्सक आवृत्ती कसली? हे बरोबर आहे, आणि यातून निघणारा निष्कर्षही महत्त्वाचा आहे: मौखिक परंपरेत एकच मूळ पाठ शोधायचा नसतो. पण म्हणून साक्ष नोंदवायची गरज संपत नाही, उलट वाढते. विष्णु नारायण भातखंडे यांनी वेगवेगळ्या घराण्यांच्या गायकांकडून चीजा मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. हे काम झाले नसते तर कित्येक रचना राहिल्याच नसत्या. तरी बहुतेक चीजांखाली हा पाठ कोणाकडून मिळाला, दुसऱ्या गायकाचा पाठ कुठे वेगळा होता, हे नोंदलेले नाही. शिकवण्यासाठी काढलेल्या पुस्तकाकडून ती अपेक्षा करणेही योग्य नाही. परिणाम मात्र असा झाला की छापलेला एक पाठ पुष्कळ विद्यार्थ्यांना एकमेव पाठ वाटू लागला. बहुविध परंपरेला एकसुरी करणारी गोष्ट चिकित्सा नव्हे. तळटीप नसलेली छपाई ती आहे.

म्हणून कोणतीही संगीतलेखाची आवृत्ती हाती आली की मुखपृष्ठावर ‘मूळ पाठ’ लिहिले आहे का, हे फारसे महत्त्वाचे नाही. पाहायच्या गोष्टी तीन. कोणत्या साक्षी वापरल्या आणि त्यांचे आपसातले नाते काय, हे सांगितले आहे का? जिथे साक्षी भांडतात तिथे दुसऱ्या बाजूचा पाठ दिला आहे का? आणि संपादकाने स्वतः काही घातले असेल, एखादा सप्तकाचा बिंदू का असेना, तर ते कंसात किंवा बारीक टाइपात वेगळे दिसते का? ‘संगीतरत्नाकरा’च्या बाबतीत तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण बिंदू आणि रेघा सर्वच पोथ्यांत गळल्या असतील तिथे त्या परत आणायचा कोणताही रस्ता नाही. स्वर सांगता येईल, सप्तक सांगता येणार नाही. चांगला संपादक तिथे जागा मोकळी सोडतो. गायकाला ती भरता येईल, भरायलाच हवी. पण भरलेला बिंदू आपला आहे, देवगिरीचा नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.